दोन खणांचा कोरडा शौचकूप : मलमूत्रविभाजन आणि सोनखताची सुरक्षितता

पुण्याच्या सदाशिव पेठेतील जुने वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वाड्याच्या मागील अंगास असलेला एक अरुंद बोळ आठवत असेल. वाड्याचा दर्शनी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन ह्यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. ह्या बोळाचे वर्णन मात्र फारसे कोणी करीत नाही. त्या बोळात शौचकूपांची खालची दारे उघडत. बैठकीखाली टोपली अथवा डबा ठेवलेला असे, आणि रोज पहाटे एक माणूस येऊन तो ताजा मैला उपसून डोक्यावरून वा गाडीतून गावाबाहेर नेत असे. त्या माणसाची जात ठरलेली असे, आणि तो वाड्यात कोणत्या दाराने येणार हेही ठरलेले असे.

गावाबाहेर गेलेल्या ह्या मैल्याचे पुढे काय होई, हे कृषिविद्येच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे नगरपालिका तो राखेत मिसळून, उथळ वाफ्यांत वाळवून त्याचे खत करीत असे. मुठेच्या कालव्यावरील ऊसकरी शेतकऱ्यांनी आरंभी त्याला नाके मुरडली. परंतु उसाचे पीक पाहिल्यावर तेच शेतकरी ते विकत नेऊ लागले. मराठीत ह्या खतास ‘सोनखत’ असे सार्थ नाव आहे. म्हणजे मैल्याचे खत होते व ते उत्तम होते, हे पुणेकरांस ठाऊक नव्हते असे नाही. मैला आणि खत ह्यांच्या दरम्यान जो मानवी हात येत होता, त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला दोन खणांचा, मूत्र वेगळे काढणारा कोरडा शौचकूप हा त्या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे. हे उत्तर कोठे पुरे पडते आणि कोठे अपुरे पडते, हे पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रात ह्या विचाराची परंपरा सीताराम पुरुषोत्तम उर्फ आप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) ह्यांच्यापाशी सुरू होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. तुरुंगाच्या नियमांप्रमाणे ते काम विशिष्ट जातींच्या कैद्यांनाच दिले जाई, म्हणून ते नाकारण्यात आले. त्यावर आप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला, आणि येरवड्यास असलेल्या गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यार्थ ३ डिसेंबर १९३२ रोजी उपवास आरंभिला. सरकारकडून आश्वासन मिळताच तो लवकरच सुटला. पुढे कणकवलीनजीक गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी शौचकूपांचे जे प्रयोग केले, त्यांतून ‘गोपुरी संडास’ हे नाव रूढ झाले. जमिनीवर बांधलेले दोन खण आळीपाळीने वापरावयाचे, पाणी ओतून मैला वाहून न्यावयाचा नाही, प्रत्येक वेळी माती-पाल्याचे कोरडे आच्छादन टाकावयाचे, आणि भरलेला खण विश्रांतीसाठी बंद ठेवावयाचा, हे त्याचे सूत्र होते. पुढे देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. मापुसकर ह्यांनी गावाच्या सफाईसाठी आयुष्य वेचले व तेथे आप्पासाहेबांच्या नावाने सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन उभे केले. डॉ. मापुसकरांचा स्वतःचा भर शौचकूपास जोडलेल्या जैववायू संयंत्रावर होता. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. प्रथम मूत्र वेगळे काढण्याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण सगळी रचना त्यावर उभी आहे. पाच माणसांचे एक शेतकरी कुटुंब घेतले, तर दर माणशी अडीचशे ग्रॅम ह्या हिशेबाने रोज सुमारे सव्वा लिटर मळ होतो. त्याच कुटुंबाचे मूत्र रोज सहा लिटरांच्या आसपास भरते. मळ आधीच तीन-चतुर्थांश पाणी असतो. त्यात त्याच्या पाचपट मूत्र मिसळले, तर मूठभर राखेने किंवा मातीने ते कोरडे होणे शक्य नाही. खणात रबडी होते, हवा शिरत नाही, ती कुजून दुर्गंधी सुटते आणि माश्यांच्या अळ्या वळवळू लागतात. उलट मूत्र वेगळे काढले, की उरलेल्या सव्वा लिटरास तेवढीच कोरडी राख पुरते. म्हणजे दुर्गंधीचे मूळ मळात कमी आणि मळ-मूत्राच्या मिश्रणात अधिक आहे.

दुसरे कारण खताचे आहे. मनुष्याच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा फार मोठा भाग मूत्रातून जातो. भारतीय आहाराचा अंदाज धरला, तर दर माणशी वर्षाला सुमारे २·३ किलो नत्र मूत्रात व अवघे ०·३ किलो मळात असते. रोगजंतूंची व जंतांच्या अंड्यांची स्थिती नेमकी उलट आहे. ती जवळजवळ सर्व मळात असतात. निसर्गाने शरीरातच जे दोन प्रवाह वेगळे ठेवले आहेत, ते शौचकूपात एकत्र करून आपण खत आणि रोग ह्यांची गाठ घालून देतो.

बांधकाम असे असते. जमिनीवर फरशीचा पक्का तळ घालून त्यावर शेजारी शेजारी दोन खण बांधतात. प्रत्येक खण तीन फूट लांब, तीन फूट रुंद व अडीच फूट उंच धरू. त्यात सुमारे ६३५ लिटर सामावतात. खणांच्या वर स्लॅब, त्यावर बैठकीची दोन भांडी, आणि चढण्यास तीन-चार पायऱ्या. भांड्याच्या पुढील भागात मूत्रासाठी उतार व भोक असते, मागे मळासाठी मोठे भोक असते. मागील भिंतीत प्रत्येक खणास उपसण्याचे दार असते. ते दक्षिणेकडे तोंड करून थोडे तिरपे बसविले व काळे रंगविले, तर उन्हाने खण तापतो. खणातून छपराच्या वर जाणारी चार इंची वायुनलिका व तिच्या तोंडाला बारीक जाळी, एवढे झाले की रचना पुरी झाली. जमिनीवर बांधण्यामागे हौस नाही. दख्खनच्या पठारावर दोन हातांखाली काळा पाषाण लागतो आणि खड्डा खणण्याचा खर्च शौचकूपाच्या खर्चाहून अधिक होतो. कोकणात पावसाळ्यात पाण्याची पातळी इतकी वर येते, की शोषखड्डा आणि विहीर ह्यांचे पाणी एकमेकांस भेटते. ह्या दोन्ही प्रकारच्या गावांत उंच जोत्याच्या खणास खरे स्थान आहे. जेथे माती खोल आहे, विहिरी दूर आहेत व पाणी पुरेसे आहे, तेथे दोन खड्ड्यांचा पाण्याचा शौचकूप सोपा पडतो, हे मान्य केले पाहिजे.

परदेशी नकाशांत बहुधा न आढळणारी एक तिसरी वाटही आपल्याकडे काढावी लागते. आपण पाण्याने शौच करतो, कागदाने नाही. हे पाणी खणात गेले तर सगळा खटाटोप व्यर्थ, आणि मूत्रात गेले तर स्वच्छ मूत्र मळाने दूषित होते. म्हणून शौचाची जागा निराळी करतात. बसल्या जागेवरून पाऊलभर सरकून धुवावयाचे, आणि ते पाणी निराळ्या नळीने शौचकूपालगतच्या खडी-वाळूच्या लहान वाफ्यात सोडावयाचे. वाफ्यात कर्दळ किंवा केळ लावतात. अळू पाण्यावर जोमाने वाढते, परंतु त्याची पाने खावयाची असल्यामुळे ते येथे लावू नये. केरळच्या किनारपट्टीवर १९९० नंतरच्या दशकात पॉल कॅल्व्हर्ट ह्यांनी जे शौचकूप बांधले, त्यांत ही व्यवस्था होती.

वापरावयाची रीत थोडक्यात सांगता येते. नवा खण वापरण्यापूर्वी तळाशी वीतभर वाळलेला पाला वा भाताचे तूस पसरावे. प्रत्येक वेळी मळावर दोन ओंजळी चुलीची राख किंवा चाळलेली कोरडी माती टाकावी आणि भोकावर झाकण ठेवावे. राख अधिक चांगली, कारण ती ओल शोषते आणि अल्कधर्मी असल्याने जंतूंना मारक ठरते. गॅसची शेगडी आल्यापासून खेड्यांतूनही राख दुर्मिळ झाली आहे. तेथे कोरडी माती व थोडा चुना ह्यांवर काम भागवावे लागते. पावसाळ्यात कोरडी माती मिळत नाही, म्हणून वैशाखातच चार महिन्यांची माती चाळून छपराखाली साठविली पाहिजे. हा शौचकूप बिघडतो तो बहुधा श्रावणात, आणि त्याचे कारण वैशाखात न साठविलेली माती हे असते.

ह्यापुढील प्रश्न कालाचा आहे, आणि तोच सर्वांत निर्णायक आहे. आपल्या कुटुंबाचा सव्वा लिटर मळ व सव्वा लिटर राख-माती मिळून रोज अडीच लिटर, म्हणजे वर्षाला नऊशे लिटरांहून थोडे अधिक होतात. पाणी उडून व पदार्थ खचून ते पाच-साडेपाचशे लिटरांवर येतात. म्हणजे आपला ६३५ लिटरांचा खण एक वर्ष पुरतो व थोडी जागा शिल्लक राहते. मग तो बंद करून दुसरा उघडावयाचा, आणि दुसरा भरेपर्यंत पहिल्याला पूर्ण एक वर्षाची विश्रांती मिळते. आता हेच माप आठ माणसांच्या घरात वापरले, तर वर्षाचा ऐवज आठशे-साडेआठशे लिटरांवर जातो आणि खण नऊ-साडेनऊ महिन्यांतच भरतो. दुसऱ्या खणावर बसावयास जावे, तो पहिला उपसण्याची वेळ तीन महिने आधीच येऊन ठेपते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही शौचकूप सारखेच दिसतात. पहिल्यातून निघते ते खत असते, दुसऱ्यातून निघते त्याची खात्री देता येत नाही.

ही खात्री कशाची, तर मुख्यतः जंतांच्या अंड्यांची. मळातील जीवाणू कोरड्या व अल्कधर्मी वातावरणात काही आठवड्यांत वा महिन्यांत नाहीसे होतात. परंतु गोल जंताचे अंडे जाड कवचाचे असते, आणि ओलसर थंड मातीत ते वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. म्हणून सर्व नियम ह्या अंड्यास प्रमाण मानून केलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे २० ते ३५ अंश उष्णतामानात, म्हणजे आपल्या बहुतेक गावांत, शेवटचा ताजा मळ पडल्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ साठवण आवश्यक आहे. त्याहून थंड प्रदेशात हा काळ दीड ते दोन वर्षे होतो. भरपूर राख वा चुना घालून सामू ९ च्या वर ठेवला आणि उष्णता ३५ अंशांहून अधिक असली, तर सहा महिन्यांवर भागते. परंतु गावात सामू मोजणार कोण? घरगुती व्यवहारास एक वर्षाचाच नियम योग्य.

व्हिएतनामचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये १९५६ च्या सुमारास दोन खणांच्या अशाच शौचकूपांचा मोठा प्रसार झाला, आणि शेतीला त्याचा लाभही झाला. परंतु तेथे विश्रांतीचा काळ दोन महिन्यांचा सांगितला गेला होता. पुढे तो सहा महिन्यांवर नेला, तरी पेरणीचा हंगाम आला की शेतकरी खण आधीच उपसू लागले आणि जंतांचा उपद्रव टिकून राहिला. खताची निकड ही ह्या शौचकूपाची शक्ती आहे आणि तीच त्याचा धोका आहे. म्हणून खण बदलण्याचा महिना शेतीच्या पंचांगाशी जुळवून घ्यावा. वैशाखात बंद केलेला खण पुढच्या वैशाखात उघडला, तर खत पेरणीपूर्वी हाती येते आणि बारा महिनेही भरतात. बंद केल्याची तारीख खणाच्या दारावरील चुन्यात कोरून ठेवावी. खडूने लिहिलेली तारीख पहिल्या पावसात जाते.

वास व रूप ह्यांवरून खत तयार झाल्याची परीक्षा करण्याची आपल्याकडे सवय आहे. ती येथे अर्धीच उपयोगाची आहे. तयार ऐवज भुसभुशीत असतो, त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, आणि त्यात खुपसलेली कोरडी काठी कोरडीच बाहेर येते. ह्या खुणा नसतील, तर ऐवज तयार नाही हे निश्चित. परंतु त्या असल्या म्हणून अंडी मेली असे सिद्ध होत नाही. अंड्याला वास नसतो. तेथे साक्ष फक्त तारखेची. त्याचप्रमाणे विश्रांतीतील खणात एकदाही कोणी शौचास बसले, तर वर्ष त्या दिवसापासून पुन्हा मोजावयाचे. पाहुण्यांच्या गर्दीत असे घडते, म्हणून बंद खणाचे भोक नुसत्या झाकणाने न झाकता चुना-मातीने लिंपून टाकावे.

खण ओला झाला आहे हे माश्या सर्वांत आधी सांगतात. कारण बहुधा तीनपैकी एक असते : लहान मूल मागच्या भोकात लघवी करीत आहे, कोणी धुण्यासाठी जागा बदलत नाही, किंवा मागील दाराच्या फटीतून पाऊस आत येत आहे. कारण शोधून बंद करावे व नंतर राख-माती वाढवावी. नुसती राख ओतून कारण तसेच ठेवले, तर पंधरा दिवसांत माश्या परततात.

येथे एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. ह्या खणांत जे घडते त्यास सर्रास ‘कंपोस्ट’ म्हणतात, पण शास्त्रदृष्ट्या ते बहुतांशी वाळणे व मुरणे असते. खरे कंपोस्ट होण्यास निम्म्याहून अधिक ओल, हवा आणि कर्ब-नत्राचे पंचवीस-तीसास एक असे गुणोत्तर लागते. मळात हे गुणोत्तर दहाच्याही खाली असते आणि कोरड्या खणात ओल मुद्दाम टाळलेली असते. त्यामुळे खण आपोआप तापत नाही. ज्यांना अधिक निर्धास्तता हवी, त्यांनी वर्षभर मुरलेला ऐवज काडीकचरा, ओला पाला व शेण ह्यांच्या थरांत घालून बाहेर ढीग रचावा. सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनी १९३१ च्या ग्रंथात वर्णन केलेली इंदूर पद्धत ह्या कामी आजही उपयोगी आहे. ढिगाचे अंतरंग पन्नास अंशांच्या वर आठवडाभर टिकले व ढीग उलथून बाहेरचा भाग आत गेला, म्हणजे जंतांच्या अंड्यांचा निकाल लागतो. उष्णतामापक नसल्यास लोखंडी सळई मध्यभागी खुपसून थोड्या वेळाने काढावी. ती हातात धरवत नसेल, तर ढीग काम करीत आहे. कोमट लागली तर ओल किंवा हवा कमी आहे.

मूत्राचा विचार आता करू. पाच माणसांच्या मूत्रात वर्षाला साडेअकरा किलो नत्र असते. युरियाच्या हिशेबाने ते पंचवीस किलो होय. कोरडवाहू ज्वारीस हेक्टरी चाळीस-पन्नास किलो नत्र लागते असे धरले आणि काही नत्र वाया जाईल हे ध्यानात घेतले, तर अर्ध्या एकराची गरज त्यातून भागते. ही झाली कागदावरची जमा. वस्तुस्थिती अशी, की रोजच्या सहा लिटरांनी वीस लिटरांचा डबा चौथ्या दिवशी भरतो आणि तो कोणीतरी उचलावा लागतो. बहुतेक ठिकाणी ही गोष्टच आधी सुटते. डबा वाहू लागतो आणि शौचकूप अप्रिय होतो. ज्यांच्यापाशी शौचकूपालगत केळी वा नारळ आहेत, त्यांनी मूत्राची नळी सरळ झाडाच्या आळ्यात, मातीखाली सोडावी. थोडे खत वाया गेले तरी चालेल, व्यवस्था टिकते. ज्यांना पिकास द्यावयाचे असेल, त्यांनी डब्याचे तोंड घट्ट बंद ठेवावे, कारण साठवणीत मूत्रातील युरियाचा अमोनिया होतो व उघड्या तोंडातून नत्र हवेत उडून जातो. देताना तिप्पट ते दहापट पाणी मिसळून, पानांवर न पडता मुळाशी ओतावे व लगेच माती ओढावी. स्वतःच्या घरच्या पिकास ते साठवणीवाचूनही चालते, मात्र शेवटची मात्रा आणि काढणी ह्यांत एक महिना जाऊ द्यावा. नळी धातूची नसावी व तिला चांगला उतार असावा, कारण मूत्रातील क्षार साचून ती तुंबते. थोडी कढत पाण्याची धार व व्हिनेगर ह्यांनी ती मोकळी होते.

आता कायद्याकडे पाहू, कारण सदाशिव पेठेच्या त्या बोळाशी त्याचा संबंध आहे. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या १९९३ च्या कायद्यात ‘कोरडा संडास’ म्हणजे पाण्याचा अडसर नसलेला कोणताही संडास, अशी व्याख्या होती. हेतू निःसंशय योग्य होता. पण टोपलीचा संडास आणि दोन खणांचा शौचकूप ह्या व्याख्येत एकाच रांगेत बसत. २०१३ च्या कायद्याने रेषा निराळ्या जागी ओढली. ज्यातील मैला पूर्णतः कुजण्यापूर्वी माणसाला हाताळावा लागतो, तो संडास त्या कायद्याप्रमाणे आक्षेपार्ह ठरतो. पाण्यापेक्षा काळाला दिलेले हे महत्त्व आमच्या मते अधिक शास्त्रशुद्ध आहे. मात्र त्याचा अर्थ असाही होतो, की नऊ महिन्यांत भरणारा खण वेळेआधी मजुराकडून उपसून घेतला, तर तो दोन खणांचा असूनही टोपलीचाच संडास ठरतो. घरातील माणसांनी स्वतः खण उपसावयाचा, हा आप्पासाहेबांचा आग्रह नैतिक होता खरा. पण त्यात एक व्यावहारिक युक्तीही आहे. ज्याला स्वतः फावडे धरावयाचे आहे, तो दारावरील तारीख वाचल्यावाचून ते दार उघडणार नाही.

उपसण्याचे काम उन्हाच्या दिवशी, पायांत बूट व हातांत मोजे घालून करावे. फावडे त्याच दिवशी धुऊन उन्हात ठेवावे आणि ते भाजीच्या वाफ्यात वापरू नये. वर्षाच्या शेवटी पाच माणसांच्या खणातून सहा-सात पाट्यांहून बरेच अधिक, पण एका बैलगाडीहून कमी ऐवज निघतो. तो आंबा, चिकू, नारळ ह्यांच्या आळ्यांत किंवा ज्वारीच्या सरीत पेरणीपूर्वी मातीखाली गाडावा. कच्ची खावयाची काकडी, मुळा, कोथिंबीर ह्यांच्या वाफ्यांत तो घालू नये. रिकाम्या खणात तळाशी पुन्हा वीतभर पाला पसरावा, दाराच्या फटी लिंपाव्यात, आणि ज्या खणाचा वापर आज संपला त्याच्या दारावर नवी तारीख कोरावी.